रशियन भाषांतराचे कोटेशन: शब्द कसे मोजावेत आणि दर कसा ठरवावा

रशियनमध्ये काम करू लागलेल्या भाषांतरकारावर पहिले कोटेशन देण्याची वेळ येते, तेव्हा बहुतेकदा त्याला एकच नियम ठाऊक असतो: रशियन मजकूर इंग्रजीपेक्षा लांब असतो. हा नियम खरा आहे, परंतु तो कोणत्या मापाने खरा आहे हे न पाहता दर लावला, तर तोच नियम त्याला तोट्यात नेतो. पुढील दोन वाक्ये पाहावीत. दोहोंचा अर्थ एकच आहे: "ही पुस्तिका उपकरणाच्या वापरकर्त्यांसाठी आहे."

```
Настоящее руководство предназначено для пользователей оборудования.
This manual is intended for the users of the equipment.
```

रशियन वाक्यात ६ शब्द आहेत, आणि मोकळ्या जागा व पूर्णविराम धरून ६७ अक्षरे आहेत. इंग्रजी वाक्यात १० शब्द आणि ५५ अक्षरे आहेत. म्हणजे अक्षरांच्या मापाने रशियन वाक्य पाचव्या हिश्शाहून अधिक लांब आहे, तर शब्दांच्या मापाने ते ४० टक्क्यांनी आखूड आहे. दर अक्षरांवर लावला की शब्दांवर, आणि मूळ मजकुरावर लावला की भाषांतरावर, यानुसार त्याच कामाची रक्कम बदलते, आणि नव्या भाषांतरकाराची चूक नेमकी येथे होते.

हे असे का घडते ते मराठी माणसाला लवकर उमगते. आपण "उपकरणाच्या" असे लिहितो तेव्हा षष्ठीचा प्रत्यय शब्दातच मिसळून जातो. इंग्रजीला त्यासाठी तीन सुटे शब्द लागतात. रशियनही विभक्तिप्रत्ययांची भाषा आहे. तिच्यात इंग्रजीसारखी उपपदे नाहीत आणि वर्तमानकाळात "आहे" हे क्रियापद सहसा लिहीतच नाहीत. इंग्रजीच्या शब्दसंख्येतील मोठा वाटा अशा छोट्या शब्दांचा असतो, आणि रशियनमध्ये गेल्यावर त्यांतील पुष्कळ शब्द नाहीसे होतात. जे शब्द उरतात ते मात्र उपसर्ग, प्रत्यय आणि समास यांमुळे लांब होतात. इंग्रजीत दोन शब्दांत सांगितली जाणारी "पाणीपुरवठा" ही संकल्पना रशियनमध्ये १३ अक्षरांचा एकच शब्द होते.

प्रत्येक वाक्यात फरक वरच्या उदाहरणाइतका मोठा नसतो. संपूर्ण दस्तऐवजाच्या पातळीवर तो बराच सौम्य होतो, आणि मजकुराचा प्रकार बदलला की तोही बदलतो. म्हणूनच कोणाकडून ऐकलेली टक्केवारी वापरण्याऐवजी हातातल्या मजकुरावरून ती काढावी लागते. ती कशी काढायची हे माझ्याकडे आलेल्या एका कामाच्या आधारे सांगतो. काम रशियनमधून इंग्रजीत भाषांतर करण्याचे होते: पंपांच्या पुरवठ्याचा करार आणि त्याची तांत्रिक परिशिष्टे, एकूण ४१ पानांची पीडीएफ. ग्राहकाने कळवले होते, "सुमारे ९४०० शब्द आहेत, प्रतिशब्द दर सांगावा." पुढील हिशेबातले आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे पूर्णांकात आणले आहेत, आणि चलन कोणतेही असू शकते म्हणून रकमेला फक्त "एकक" म्हटले आहे.

पहिली पायरी: मोजण्याजोगा मजकूर तयार करणे

ग्राहकाने सांगितलेली शब्दसंख्या खोटी नसते, पण ती कशी मोजली हे ठाऊक नसल्याने ती वापरता येत नाही. पीडीएफमधला मजकूर वर्डमध्ये आणून Review या टॅबवरील Word Count उघडावे आणि दोन आकडे लिहून घ्यावेत: Words आणि Characters (with spaces). तळटीपा आणि चौकटीतला मजकूर धरायचा असेल तर त्याच खिडकीतल्या Include textboxes, footnotes and endnotes या पर्यायावर खूण करावी लागते. पानाच्या शीर्षभागातला आणि तळभागातला मजकूर, तसेच चित्रांच्या आत लिहिलेला मजकूर ही मोजणी धरत नाही, हे लक्षात ठेवावे. करारांवरचे गोल शिक्के आणि आकृत्यांवरची नावे बहुधा चित्राच्याच रूपात असतात. ग्राहकाला ती भाषांतरात हवी असतात आणि मोजणीत मात्र ती कोठेच दिसत नाहीत.

माझ्या मोजणीत ९४०० शब्द आणि ६७,७४० अक्षरे आली. ग्राहकाचा आकडा बरोबर होता, तरी मी तो स्वीकारला नाही, कारण रशियन मजकुराच्या बाबतीत वर्डची शब्दसंख्या काही ठरावीक कारणांनी फुगते.

त्यांतले सर्वांत मोठे कारण म्हणजे लांब आडवी रेघ. रशियनमध्ये "आहे" लिहीत नाहीत तेथे दोन नामांच्या मध्ये बहुधा रेघ देतात, आणि तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडतात. "मॉस्को — रशियाची राजधानी" अशी ती रचना असते. वर्ड मोकळ्या जागांवरून शब्द ओळखतो, त्यामुळे ही सुटी रेघसुद्धा त्याच्या लेखी एक शब्द ठरते. तांत्रिक परिशिष्टांत तर जवळजवळ प्रत्येक ओळीत अशी रेघ असते: दाब — इतका, तापमान — इतके, वजन — इतके.

दुसरे कारण ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द. रशियन शब्द लांब असल्याने अरुंद स्तंभात ते वारंवार तोडावे लागतात, आणि पीडीएफमधून मजकूर काढताना तो तुकडा कायम राहिला की एका शब्दाचे दोन होतात. तिसरे कारण सरकारी आणि कार्यालयीन आदेशांत भेटते: ठळकपणासाठी शब्दातल्या प्रत्येक अक्षरानंतर मोकळी जागा सोडण्याची जुनी टंकलेखनाची पद्धत आजही चालू आहे. आदेशाच्या मध्यभागी येणारा, "मी आदेश देतो" या अर्थाचा "प्रिकाझिवायू" हा रशियन लिपीत १० अक्षरांचा शब्द असा सुटा लिहिलेला असला, तर वर्ड त्याचे १० शब्द मोजतो.

या गोष्टी शोधणे कठीण नाही. वर्डच्या शोधपट्टीत पुढील खुणा टाकल्या की प्रत्येकी किती ठिकाणे आहेत हे कळते. पहिल्या दोन खुणा मोकळ्या जागांमधल्या लांब आणि मध्यम रेघेसाठी आहेत; त्या टाइप करताना आधीची आणि नंतरची मोकळी जागाही द्यावी. शेवटच्या दोन खुणा ओळीच्या शेवटी तुटलेल्या शब्दांसाठी आहेत.

```
 ^+ 
 ^= 
-^p
-^l
```

माझ्या फायलीत ३१० सुट्या रेघा आणि २४० तुटलेले शब्द निघाले. ते वजा केल्यावर ८८५० शब्द उरले. तुटलेले शब्द जोडताना प्रत्येकी एक चिन्ह, म्हणजे ओळीअखेरची छोटी रेघ, कमी झाले, म्हणून अक्षरसंख्या ६७,५०० झाली. शब्दसंख्या जवळपास ६ टक्क्यांनी उतरली, अक्षरसंख्या मात्र जवळजवळ होती तिथेच राहिली. रशियनच्या बाबतीत अक्षरांचे माप अधिक स्थिर असते ते यामुळेच.

फुगलेली संख्या भाषांतरकाराच्याच फायद्याची, मग ती कमी का करावी, असा प्रश्न कोणी विचारील. एक तर ती संख्या खरी नव्हे, आणि ज्या कामाचे आपण पैसे मागतो ते झालेले असले पाहिजे. दुसरे असे की पुष्कळ ग्राहक तीच फाइल कॅट टूलमधून, म्हणजे भाषांतराला साहाय्य करणाऱ्या संगणकीय साधनातून मोजतात, आणि ही साधने सुट्या रेघेला सहसा शब्द मानत नाहीत. बिलाच्या वेळी दोन आकडे समोरासमोर आले की विश्वास तुटतो. म्हणून कोणत्या साधनाने मोजले हे कोटेशनमध्ये लिहावे, आणि नमुना व संपूर्ण मजकूर दोन्ही त्याच साधनाने मोजावेत.

मोजणी बरोबर आहे की नाही हे तपासण्याची एक सोपी पद्धत आहे. मोकळ्या जागांसह अक्षरसंख्येला शब्दसंख्येने भागावे. मी केलेल्या रशियन करारांत आणि तांत्रिक पुस्तिकांत हा भागाकार बहुधा साडेसात ते आठच्या दरम्यान येतो. प्रस्तुत कामात तो आधी ७.२१ होता आणि सफाईनंतर ७.६३ झाला. कराराच्या मजकुरात तो सातच्या खाली आला, तर सुट्या रेघा, तुटलेले शब्द किंवा आकड्यांनी भरलेले तक्ते कोठेतरी आहेत असे समजून फाइल पुन्हा पाहावी.

पीडीएफ स्कॅन केलेली असेल तर आणखी एक अडचण येते. ओसीआर करताना, म्हणजे संगणकाकडून चित्रातला मजकूर ओळखून घेताना, रशियन आणि लॅटिन लिप्यांतली एकसारखी दिसणारी अक्षरे एकमेकांत मिसळतात. डोळ्यांना शब्द अचूक दिसतो आणि शब्दसंख्याही बदलत नाही, परंतु कॅट टूलला तो वेगळा शब्द वाटतो, त्यामुळे पुनरावृत्त वाक्ये त्याला ओळखता येत नाहीत. रशियन शब्दलेखन-तपासणी चालू केल्यावर साध्या, ओळखीच्या शब्दांखाली लाल रेघा उमटू लागल्या, तर हा घोटाळा झाला आहे असे समजावे.

दुसरी पायरी: नमुना भाषांतरित करून गुणोत्तर काढणे

आता या ८८५० रशियन शब्दांचे इंग्रजीत किती शब्द होतील याचा अंदाज हवा. त्यासाठी मी दस्तऐवजातल्या तीन ठिकाणांहून प्रत्येकी २०० शब्दांचे तुकडे घेऊन त्यांचे पूर्ण भाषांतर केले. तीन ठिकाणे मुद्दाम वेगळ्या स्वरूपाची निवडली: कराराची कलमे, पंपाचे तांत्रिक वर्णन आणि सुट्या भागांचा तक्ता. कलमांच्या २०० शब्दांचे २५२ झाले, वर्णनाच्या २०० शब्दांचे २४६, आणि तक्त्याच्या २०० शब्दांचे २२२. तक्त्यात पूर्ण वाक्ये नसतात, नुसती नावे असतात, त्यामुळे तेथे उपपदे आणि क्रियापदे घालावी लागत नाहीत आणि वाढ कमी होते. कलमांत विभक्तींच्या लांबलचक साखळ्या असतात. एका नामाला दुसरे आणि दुसऱ्याला तिसरे षष्ठीने जोडलेले असते, आणि प्रत्येक जोडणीला इंग्रजीत सुटे शब्द लागतात.

एकूण ६०० रशियन शब्दांचे ७२० इंग्रजी शब्द झाले, म्हणजे गुणोत्तर १.२. दस्तऐवजातही हे तीन प्रकार जवळपास सारख्याच प्रमाणात होते, म्हणून सरळ बेरीज चालली. एखाद्या कामात तीन चतुर्थांश भाग तक्त्यांचाच असेल, तर प्रत्येक प्रकाराचे गुणोत्तर त्या त्या भागाच्या शब्दसंख्येला वेगळे लावावे. अक्षरांच्या बाबतीत ४५८० रशियन अक्षरांची ४३२० इंग्रजी अक्षरे झाली. शब्द २० टक्क्यांनी वाढले आणि अक्षरे सुमारे ६ टक्क्यांनी घटली, हे येथे आपल्याच नमुन्यातून सिद्ध झाले.

हे गुणोत्तर उलटे करून इंग्रजीतून रशियनच्या कामाला वापरू नये. भाषांतर करताना मुळात गृहीत धरलेले काहीतरी बहुधा उलगडून लिहावे लागते, त्यामुळे दोन भाषांच्या घडणीतून येणाऱ्या फरकाखेरीज भाषांतरित मजकुराचा कल थोडा पसरण्याकडे असतो, मग दिशा कोणतीही असो. दोन्ही दिशांची गुणोत्तरे वेगवेगळ्या नमुन्यांतूनच काढली पाहिजेत.

नमुन्याचे भाषांतर करताना घड्याळ लावून ठेवावे. मला या ६०० शब्दांना संज्ञा शोधण्यासह आणि दुसऱ्या वाचनासह अडीच तास लागले, म्हणजे तासाला २४० रशियन शब्द. काम मिळाले तर हा वेळ वाया जात नाही, कारण तेवढा भाग झालेलाच असतो. अगदी छोट्या कामासाठी मात्र एवढा मोठा नमुना करू नये. १०० शब्दांचाही पुरतो.

तिसरी पायरी: तासावरून दर काढणे

योग्य दर कोणता, या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही, परंतु स्वतःचा दर काढण्याची रीत आहे. महिन्याला जे उत्पन्न हवे, त्यात कर, साधनांचा खर्च आणि सुट्टीच्या दिवसांची भरपाई मिळवावी. त्या रकमेला महिन्यातल्या एकूण कामाच्या तासांनी भागू नये; ज्या तासांचे पैसे खरोखर मिळतात त्यांनीच भागावे. पत्रव्यवहार, कोटेशन, बिले आणि वसुली यांत जाणारा वेळ कोणी देत नाही. मला महिन्याला २४०० एकके हवी असतील आणि १०० तासच प्रत्यक्ष बिलात येत असतील, तर तासाचा मोबदला २४ एकके झाला.

तासाला २४० रशियन शब्द होतात, म्हणून प्रति रशियन शब्द ०.१० एकक. ८८५० शब्दांचे ८८५ एकके. ही रक्कम एकदा निश्चित झाली की तिला कोणत्याही मापात मांडता येते, आणि ग्राहक ज्या मापात विचार करतो त्यात ती मांडून दाखवणे हे आपले काम आहे. इंग्रजी शब्द अंदाजे १०,६२० होतील, म्हणून प्रति इंग्रजी शब्द दर ०.०८३ एकक पडतो.

रशियन भाषेच्या बाजारात पानावर दर सांगण्याची पद्धत फार रूढ आहे. ते पान छापील पान नव्हे. मोकळ्या जागांसह १८०० अक्षरांना एक प्रमाण पान धरतात. या मापाने आपल्या ६७,५०० अक्षरांची ३७.५ पाने होतात आणि प्रति रशियन पान दर २३.६ एकके येतो. इंग्रजी भाषांतराची अक्षरे सुमारे ६३,६५०, म्हणजे ३५.४ पाने, त्या बाजूने दर २५ एकके. असे हे चार दर झाले: ०.१०, ०.०८३, २३.६ आणि २५. चारही दरांत काम तेच आहे आणि रक्कमही तीच आहे.

नवा भाषांतरकार नेमका यातल्या दोन दरांची अदलाबदल करतो. मी सुरुवातीला तेच केले होते. इंग्रजी शब्दावर मिळणारा दर मला ठाऊक होता, तोच मी एका एजन्सीला रशियन शब्दावर सांगितला, कारण "शब्द म्हणजे शब्द" असे मला वाटत होते. प्रस्तुत उदाहरणात ही चूक केली असती तर ८८५० शब्दांना ०.०८३ दराने सुमारे ७३५ एकके मिळाली असती. म्हणजे १५० एककांचा तोटा, आणि तासाचा मोबदला २४ एकके असताना तो सहा तासांहून अधिक विनामोबदला कामाइतका झाला असता. त्यातून "रशियन तर लांब असते, म्हणून जास्तच मिळत असेल" हा समज मनात असला, की ही तूट कित्येक महिने लक्षातच येत नाही.

ग्राहकाने स्वतःहून कमी दर सांगितला, तर तो आवडला की नाही यापेक्षा तासाला किती पडतो हे पाहावे. प्रति रशियन शब्द ०.०८ सांगितला, तर ०.०८ गुणिले २४०, म्हणजे तासाला १९.२ एकके. एवढ्यावर काम करणे परवडते की नाही, हे मग निश्चितपणे ठरवता येते, आणि नकार द्यायचा झाला तरी कारण स्पष्ट सांगता येते. उलट, आपला वेग वाढल्यावर तोच दर अधिक उत्पन्न देऊ लागतो, म्हणून वर्षातून एकदोनदा नवा नमुना घेऊन हा हिशेब पुन्हा मांडावा.

चौथी पायरी: कोटेशन लिहिणे

शक्य असेल तेव्हा कोटेशन मूळ मजकुराच्या मापावर द्यावे. मूळ मजकूर दोघांच्याही समोर आहे, तो आजच मोजता येतो आणि त्याची रक्कम काम सुरू होण्यापूर्वीच ठरते. भाषांतरावर दर लावला तर अंतिम रक्कम शेवटपर्यंत अनिश्चित राहते, आणि आटोपशीर लिहिणाऱ्याला कमी पैसे मिळतात, ही गोष्ट मला कधीच न्याय्य वाटलेली नाही. मूळ मजकूर मोजताच येत नसेल, उदाहरणार्थ तो हस्तलिखित असेल किंवा स्कॅन फार अस्पष्ट असेल, तर मात्र भाषांतरावर दर लावणे हाच मार्ग उरतो. तेव्हा नमुन्यातल्या गुणोत्तरावरून कमाल रक्कम लिहून द्यावी, म्हणजे ग्राहकाला धक्का बसत नाही.

पानावर दर द्यायचा असेल तर "पान" हा शब्द एकटा कधीच लिहू नये. "मोकळ्या जागांसह १८०० अक्षरांचे पान, मूळ मजकुरावर मोजलेले" असे पूर्ण लिहावे. आपल्या उदाहरणात मोकळ्या जागा वगळल्या तर अक्षरे सुमारे ५८,४०० उरतात आणि पाने ३२.४ होतात. "मोकळ्या जागांसह" हे दोन शब्द लिहिले नाहीत म्हणून पाच पानांचे, म्हणजे सुमारे १२० एककांचे अंतर पडले असते. छापील ४१ पाने हा तिसराच आकडा आहे आणि त्याचा दराशी काहीही संबंध नाही. पुस्तकाचे काम असेल तर रशियन प्रकाशक "लेखकीय पत्रक" हे माप सांगतात. ते ४०,००० अक्षरांचे असते, म्हणजे आपल्या मापाने सव्वाबावीस पानांच्या जवळपास.

मोजणीत न आलेली कामे वेगळ्या ओळीत आणि तासांत दाखवावीत. माझ्या कामात चार आकृत्यांवरची नावे आणि शिक्क्यांतला मजकूर होता. त्यांचे शब्द थोडे होते, पण ते वाचून, उतरवून परत जागेवर बसवायला दोन तास लागणार होते. त्याचे ४८ एकके वेगळे लिहिले. कोटेशनचा मजकूर असा होता: "मूळ रशियन मजकूर ८८५० शब्द, सुट्या रेघा वगळून आणि तुटलेले शब्द जोडून वर्डमध्ये मोजलेला, प्रति शब्द ०.१० एकक, एकूण ८८५. चित्रांतील व शिक्क्यांतील मजकूर, दोन तास, ४८. एकूण ९३३ एकके. मूळ मजकुरात बदल झाल्यास वाढीव शब्द याच दराने." ग्राहकाच्या ९४०० शब्दांपेक्षा माझा आकडा कमी का, हे दोन ओळींत समजावले. त्यावर पुढे काहीही वाद झाला नाही.

इंग्रजीतून रशियनमध्ये जाताना

या दिशेत मापांचे फायदेतोटे उलटतात. १०,००० शब्दांच्या इंग्रजी मजकुराची अक्षरे साधारण ६०,००० धरली आणि नमुन्यावरून अक्षरांची वाढ १२ टक्के, तर शब्दांची घट १० टक्के निघाली असे समजू. रशियन भाषांतर ६७,२०० अक्षरांचे आणि ९००० शब्दांचे होईल. मूळ इंग्रजीची पाने ३३.३, भाषांतराची ३७.३. भाषांतराच्या शब्दांवर दर घेतला तर दहावा हिस्सा आपोआप जातो. भाषांतराच्या पानांवर घेतला तर चार पाने वाढतात, परंतु ग्राहकाने मूळ पाने मोजून रक्कम मनात धरलेली असते, म्हणून हे आधी सांगितलेच पाहिजे. मूळ इंग्रजी शब्दांवर दर लावला की दोन्ही प्रश्न उद्भवत नाहीत.

या दिशेत पुनरावृत्तीच्या सवलतीकडे मात्र फार काळजीपूर्वक पाहावे. कॅट टूलच्या अहवालात एकच वाक्य किंवा शब्द पुन्हा आला की तो "पुनरावृत्ती" म्हणून दिसतो, आणि त्याचे पैसे नाममात्र द्यावेत असा आग्रह असतो. इंग्रजीतला "नवा" या अर्थाचा एक शब्द सॉफ्टवेअरमध्ये दहा ठिकाणी आला, तर इंग्रजीत तो दहाही ठिकाणी सारखाच राहतो. रशियनमध्ये तो नामाच्या लिंगानुसार बदलतो, जसे आपल्याकडे नवा, नवी, नवे होते. प्रत्येक ठिकाण उघडून पाहावे लागते. आकडा बदलला तरी रशियन शब्द बदलतो: "दिवस" या शब्दाचे २१ नंतर एक रूप, २२ नंतर दुसरे आणि २५ नंतर तिसरेच रूप येते. इंग्रजी वाक्यात फक्त आकडा बदललेला असल्याने साधन ते जवळजवळ जुळलेले वाक्य मानते, पण रशियन वाक्याची दुरुस्ती हातानेच करावी लागते. म्हणून सुट्या शब्दांच्या आणि आकडे असलेल्या वाक्यांच्या पुनरावृत्तीवर मी पूर्ण सवलत देत नाही. कराराच्या संपूर्ण कलमाची शब्दशः पुनरावृत्ती असेल तर आनंदाने देतो.

त्याच सॉफ्टवेअरमध्ये जागेची मर्यादा असेल तर तेही आधी विचारावे. "वापरकर्ता पुस्तिका" याचे इंग्रजी शीर्षक १० अक्षरांचे असते, रशियन २४ अक्षरांचे. दोन्हीकडे शब्द दोनच आहेत, त्यामुळे शब्दसंख्येत हा फरक कोठेच दिसत नाही. १५ अक्षरांच्या बटणात ते बसवण्यासाठी संक्षेप शोधणे, ग्राहकाला विचारणे आणि पुन्हा तपासणे याला वेळ लागतो. असे काम मी शब्दांवर घेत नाही, तासांवर घेतो.

पंपांच्या कराराचे भाषांतर पूर्ण झाले तेव्हा इंग्रजी शब्द १०,७९० भरले. अंदाज १०,६२० चा होता. फरक दोन टक्क्यांच्या आत राहिला, आणि दर मूळ मजकुरावर असल्याने बिलात काहीच बदलले नाही. हे सर्व आकडे मी एका वहीत उतरवून ठेवले: मजकुराचा प्रकार, दिशा, मूळ शब्द आणि अक्षरे, भाषांतराचे शब्द आणि अक्षरे, लागलेले तास. त्यानंतर वर्षभरात आलेल्या पुरवठा करारांची गुणोत्तरे १.१८ ते १.२४ च्या दरम्यान पडली, म्हणून आता अशा कामाला मी नव्याने मोठा नमुना करत नाही. मजकुराचा प्रकार अनोळखी असेल, तर मात्र पुन्हा तीन तुकडे निवडतो आणि घड्याळ लावतो.